मार्चअखेरीला एजंटाचं खातं जुळत नाही: कन्साइनमेंटच्या मालाचा हिशेब कुठे बिघडतो

लातूर, उदगीर, जालन्याकडच्या डाळ मिलच्या वह्यांत एक दुखणं दर वर्षी डोकं वर काढतं. 31 मार्चला नफा-तोटा काढला की नफा चांगला दिसतो. मे-जूनमध्ये पुण्याच्या एजंटाकडून उरलेल्या मालाची पट्टी येते आणि खात्यात लाखभराचा खड्डा पडतो. मुनीम म्हणतो, एजंटाने भाव कमी लावला. एजंट म्हणतो, तुम्ही बिल कोणत्या भावाने केलं त्याच्याशी माझा संबंध नाही, माल ज्या भावाने गेला त्याच भावाची पट्टी दिलीय. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. चूक एजंटाच्या दुकानात नसते, ती आपल्याच वहीत गाडी भरली त्या दिवशी झालेली असते.

त्या दिवशी आपण विक्री लिहिली, पण विक्री झालीच नव्हती.

कन्साइनमेंटवर पाठवलेला माल एजंटाच्या गोडाऊनला असला तरी तो आपलाच असतो. एजंट तो आपल्या वतीने विकतो, विकल्याची पट्टी देतो, आपलं कमिशन आणि केलेला खर्च कापून बाकी पैसे पाठवतो. माल पडून राहिला, भाव उतरला, गोडाऊनला आग लागली, तर नुकसान आपलं. म्हणून एजंटाने गिऱ्हाइकाला माल देईपर्यंत तो आपल्या शिलकी साठ्यात दिसला पाहिजे. त्याचा ना विक्रीत आकडा यावा, ना एजंटाच्या येण्यात.

हे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं, तरी चूक होतेच. आपल्या भागात ती जास्त का होते याचं कारण पिकाच्या वेळापत्रकात आहे. मराठवाड्यात तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. बाजार समितीत आवक फेब्रुवारी-मार्चपर्यंत जोरात असते, मिल त्याच दिवसांत रात्रंदिवस चालते आणि तयार डाळ गाडीमागून गाडी बाहेर जात असते. म्हणजे वर्षाचा हिशेब बंद करायचा दिवस नेमका हंगामात येतो, आणि त्या दिवशी आपला बराचसा माल दुसऱ्याच्या गोडाऊनला असतो. हीच रेषा 30 सप्टेंबरला असती तर चूक वर्षाच्या आतच जिरून गेली असती, कोणाच्या लक्षातही आली नसती.

तुमच्याकडे हाच बिघाड आहे का, ते आधी ओळखा

लेजरमध्ये एजंटाचं खातं उघडा. नावे बाजूला फक्त पाठवलेल्या गाड्यांची बिलं आणि जमा बाजूला फक्त बँकेत आलेल्या रकमा, त्याही 5 लाख, 10 लाख अशा गोल, असं चित्र असेल तर बिघाड हाच. कन्साइनमेंटच्या खात्यात पट्टीचे आकडे दिसायला हवेत: विक्री, कमिशन, हमाली, गोडाऊन भाडं. असे आकडे गोल नसतात. खात्यात पट्टीची एकही नोंद नाही याचा अर्थ मुनीमाने पट्टी फाइलला लावून ठेवली आणि हिशेब बिलावर चालवला.

दुसरी खूण महिन्यावार नफ्यात सापडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोबळ नफ्याची टक्केवारी नेहमीपेक्षा वर गेली आणि एप्रिल-मेमध्ये ती तेवढीच खाली बसली, तर मार्चमध्ये न झालेला नफा लिहिला गेलाय असं समजा.

तिसरी गोष्ट बघायची ती व्यवहाराची जात. कारण प्रत्येक एजंट हा एजंट असेलच असं नाही. बाजारात त्याला एजंट म्हणतात, पण तो तुमच्याकडून ठरलेल्या भावाने माल घेतो, पुढे कितीला विकला ते सांगत नाही, आणि उरलेला माल परत घ्यायला तुम्ही बांधील नाही. असं असेल तर तो खरेदीदार आहे. तिथे गाडीच्या दिवशी विक्री लिहिणं बरोबर आहे आणि पुढचं काही तुम्हाला लागू नाही. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: उद्या भाव क्विंटलमागे 500 रुपये पडला तर पडून असलेल्या मालावरचा तोटा कोणाच्या अंगावर येतो? उत्तर 'आपल्या' असं आलं तर माल आपला.

आधी कट्टे, मग रुपये

दुरुस्तीला बसलात की पहिल्यांदा रुपयांना हात लावू नका. एजंटाकडून 31 मार्चच्या संध्याकाळचं साठ्याचं पत्र मागवा, त्यात कट्ट्यांची संख्या आणि वजन दोन्ही लिहून घ्या. शक्य असेल तर आपला माणूस पाठवून कट्टे मोजून घ्या. मग पाठवलेले कट्टे, फाटून किंवा घटीत गेलेले, पट्टीत विकलेले आणि शिल्लक राहिलेले, यांचा मेळ घाला. हा मेळ बसत नाही तोवर पुढची कुठलीच नोंद खरी नाही. मार्चच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत एजंटाने माल विकलेला असतो आणि त्याची पट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येते. तो माल मार्चचीच विक्री आहे. पट्टीवरची वरची तारीख बघू नका, आतल्या प्रत्येक ओळीत माल कधी दिला ते बघा.

आता एक गाडी शेवटपर्यंत चालवून बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बेतलेले आहेत, पण गुंता खऱ्या गाडीतलाच आहे. एजंटाच्या कमिशनवरचा जीएसटी इथे बाजूला ठेवलाय, त्याचं पुढे बोलतो.

लातूरच्या मिलमधून मार्चच्या सुरुवातीला पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एजंटाकडे तूरडाळीचे 50 किलोचे 400 कट्टे गेले, म्हणजे 200 क्विंटल. चुनी-भुशीचे पैसे वजा करून मिलमध्ये डाळ तयार व्हायला क्विंटलमागे 10,000 रुपये पडले होते. गाडीसोबत बिल केलं ते 11,000 रुपये भावाने, 22 लाखांचं. गाडीभाडं 34,000, इथली भरायची हमाली 2,750. हे दोन्ही आपण दिले. पुण्यात उतरवून गोडाऊनला लावायची हमाली 3,000, ती एजंटाने दिली. उतरवताना काही कट्टे फाटलेले निघाले, सांडलं-झडलं ते धरून वजनात 1 क्विंटल घट आली. माल पोचल्यावर एजंटाने 10 लाख रुपये उचल म्हणून पाठवले.

31 मार्चपर्यंत त्याने 119 क्विंटल डाळ 11,000 रुपयांनी विकली. 80 क्विंटल, म्हणजे 160 कट्टे, शिल्लक. 119 अधिक 80 अधिक घटीचा 1, बेरीज 200. मेळ बसला. आता रुपये.

शिल्लक कट्ट्यांची किंमत

इथे दोन उलट्या चुका होतात. काही जण शिल्लक माल बिलाच्या भावाने, म्हणजे 11,000 ने धरतात. त्यात आपलाच न मिळालेला नफा मिसळलेला असतो. 80 क्विंटलवर सरळ 80,000 रुपये. काही जण मिलमधल्या 10,000 नेच धरतात आणि गाडीभाडं, हमाली सगळी विकलेल्या मालावर टाकतात. तेही बरोबर नाही, कारण पुण्यात पोचलेली डाळ ही लातूरच्या गोडाऊनमधल्या डाळीपेक्षा महाग पडलेली असते.

नियम असा की माल आहे त्या जागी आणि आहे त्या स्थितीत आणायला जो खर्च लागला तो साठ्याच्या किमतीत धरायचा. लेखा मानक 2 हेच सांगतं. त्यामुळे गाडीभाडं आणि दोन्हीकडची हमाली धरायची, मग ती आपण दिलेली असो की एजंटाने. माल गोडाऊनला लागल्यानंतरचं भाडं, कमिशन, गिऱ्हाइकाकडे पोचवायचा खर्च धरायचा नाही. भाडं तर महिन्याला लागत राहणार, ते साठ्यात घालत गेलात तर पडून राहिलेला माल कागदावर दर महिन्याला महाग होत जाईल.

घटीचं काय? वाटेत थोडं सांडणं, सुकणं हे ठरलेलं असतं, ती साधी घट. तिचा वेगळा तोटा लिहायचा नाही. पोचलेल्या चांगल्या मालावर ती वाटून टाकायची. म्हणजे एकूण खर्चाला 200 ने नाही, 199 ने भागायचं.

```
एकूण = 20,00,000 + 34,000 + 2,750 + 3,000 = 20,39,750
दर क्विंटल = 20,39,750 ÷ 199 = 10,250
शिल्लक साठा = 80 × 10,250 = 8,20,000
```

हे 8,20,000 रुपये 31 मार्चच्या ताळेबंदात साठ्याखाली यायला हवेत, 'पुण्याच्या एजंटाकडचा माल' अशा वेगळ्या ओळीत. मिलमधल्या साठ्यात मिसळू नका; मिलचा साठा मोजायला येणाऱ्या माणसाला तो तिथे सापडणार नाही.

गाडी पावसात सापडून आठ कट्टे भिजले, फेकून द्यावे लागले, असं काही झालं असेल तर ती साधी घट धरू नका. ते आठ कट्टे म्हणजे 4 क्विंटल, त्याचे 10,250 ने 41,000 रुपये. ते कन्साइनमेंटच्या खात्यातून काढून वेगळं नुकसान म्हणून दाखवायचे, आणि विम्याचा दावा मंजूर झाला तर तेवढे त्यातून वजा. हे नुकसान चांगल्या कट्ट्यांवर वाटलं तर शिल्लक साठा उगाच फुगतो आणि तोटा पुढच्या वर्षात सरकतो. कुठली घट साधी आणि कुठली नाही, हे वाद घालून ठरवू नका. मागच्या दोन-तीन हंगामांच्या गाड्यांचं भरलेलं आणि उतरलेलं वजन बिल्टी आणि काटापावतीवरून काढा. त्याच मार्गावर नेहमी पडते तेवढी साधी, त्याच्या वरची नाही.

एजंटाचं खातं

पट्टी आपल्या हातात आली की ती अशी दिसते. विक्री 119 क्विंटल गुणिले 11,000, म्हणजे 13,09,000. त्यातून वजा उतराई हमाली 3,000, गोडाऊन भाडं 4,000, दोन टक्क्यांनी कमिशन 26,180. एकूण कपात 33,180. आपलं निव्वळ येणं 12,75,820. उचल 10 लाख आधीच आलेली, तेव्हा 31 मार्चला एजंटाकडून येणं 2,75,820.

वहीत विक्री म्हणून 13,09,000 लिहायची. निव्वळ 12,75,820 लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. तसं केलं तर कमिशन, भाडं आणि हमाली कुठेच दिसत नाही, पुढे एजंटाने कमिशन परस्पर वाढवलं तरी कळायला मार्ग राहत नाही. आणि विक्रीचा आकडा जीएसटीच्या आकड्याशी जुळवताना डोकं फुटतं.

उचलीबद्दल एक गोष्ट विसरली जाते. उचल म्हणजे विक्रीचे पैसे नाहीत. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी एजंट आपला देणेकरी नव्हता, उलट आपणच त्याचे देणेकरी झालो. पट्टी आल्यावर ती त्याच्या खात्यात वळती होते. काही एजंट उचल ही मालाच्या तारणावर देतात आणि माल विकला जाईल त्या प्रमाणातच वळती करतात. तुमचं तसं ठरलं असेल तर न विकलेल्या मालावरची उचल देणं म्हणूनच ठेवा. हे तोंडी ठरलेलं असतं आणि दोन्हीकडच्या मुनीमांना वेगवेगळं आठवतं, म्हणून पहिल्या गाडीलाच एका ओळीत लिहून घ्या.

उधारीवर विकलेल्या मालाचे पैसे बुडाले तर ते कोणाचे, हेही त्याच कागदावर यावं. एजंट उधारीची हमी घेत असेल तर त्यासाठी तो वरचं वेगळं कमिशन घेतो, आणि मग बुडीत त्याच्या माथी. हमी नसेल तर गिऱ्हाइकाकडे अडकलेला पैसा हा आपला पैसा अडकलाय. अशा वेळी पूर्ण रक्कम एजंटाकडून येणं दाखवणं चूक आहे.

चूक नेमकी किती रुपयांची, ते काढा

बरोबर नफा आधी काढू. विक्री 13,09,000. विकलेल्या 119 क्विंटलची किंमत 10,250 ने 12,19,750. राहिले 89,250. त्यातून गोडाऊन भाडं आणि कमिशन मिळून 30,180 गेले. कन्साइनमेंटवरचा नफा 59,070.

आता मुनीमाने लिहिलेली वही बघा. विक्री 22,00,000, मालाची किंमत 20,00,000, भाडं आणि भरायची हमाली 36,750. नफा 1,63,250. फरक 1,04,180.

ताळेबंदाच्या बाजूने तोच फरक यायला हवा. चुकीच्या वहीत एजंटाकडून येणं 22 लाख वजा 10 लाख, म्हणजे 12,00,000. बरोबर वहीत येणं 2,75,820 आणि साठा 8,20,000, मिळून 10,95,820. फरक पुन्हा 1,04,180.

हे दोन फरक रुपयाला रुपया सारखे येत नाहीत तोपर्यंत दुरुस्ती पुरी झाली असं समजू नका. माझ्या अनुभवात इथे फरक राहतो तेव्हा बहुधा एजंटाने दिलेली उतराई हमाली साठ्यात धरलेली असते, पण पट्टीतून नावे टाकलेली नसते, किंवा उलटं. दुसरीकडे बघायच्या आधी तीच ओळ तपासा.

पण बिल तर करावंच लागतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि जीएसटी आल्यापासून हीच चूक पक्की होण्याचं कारणही हेच आहे. जीएसटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत म्हटलंय की मालकाने एजंटाला पाठवलेला माल, एजंट तो मालकाच्या वतीने पुढे देणार असेल, तर पैसे घेतले नसले तरी पुरवठा धरायचा. एजंट या तरतुदीत येतो की नाही याची कसोटी सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाने सांगितली: गिऱ्हाइकाला बिल एजंट स्वतःच्या नावाने देतो का? देत असेल तर येतो. तो तुमच्याच नावाने बिल देत असेल तर येत नाही.

म्हणजे आपल्या गाडीला, पुण्यातला एजंट स्वतःच्या नावाने बिल करतो म्हणून, लातूरहून निघतानाच कागद करावा लागतो. मुनीम तो सॉफ्टवेअरमध्ये विक्रीच्या व्हाउचरमधून करतो, सॉफ्टवेअर तो आकडा विक्रीत टाकतं, आणि गाडी निघताक्षणी नफा तयार होतो. मुनीमाला दोष देऊन उपयोग नाही. कायद्याने त्याला बिल करायला लावलंय, फक्त ते बिल कुठल्या खात्याला जावं हे कोणी सांगितलेलं नाही.

कराचा कायदा आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टींना उत्तर देतात. माल हलला की कर कधी द्यायचा हे पहिला ठरवतो. नफा कधी झाला हे दुसरा. दोन्ही आकडे वेगळे असणार आणि दोन्ही बरोबर असणार. म्हणून बिलाची जमा बाजू नेहमीच्या विक्रीत टाकू नका. 'कन्साइनमेंट पाठवणी' नावाचं वेगळं खातं करा. नावे बाजूही एजंटाच्या रोजच्या खात्यात नको, 'एजंट पाठवणी बिल' असं वेगळं खातं ठेवा. ही दोन खाती नेहमी समोरासमोर समान असतात आणि वर्षअखेर एकमेकांत मिटवायची, नफ्याशी त्यांचा संबंध येत नाही. एजंटाच्या खऱ्या खात्यात फक्त पट्टी, कर आणि पैसे जातात. सॉफ्टवेअरमध्ये एजंटाकडच्या मालासाठी वेगळं गोडाऊन उघडा, कट्टे मिलमधून तिकडे हलवा, आणि बिलाच्या व्हाउचरने तेच कट्टे दुसऱ्यांदा साठ्यातून कमी होत नाहीत ना, हे पहिल्याच गाडीला तपासून घ्या.

मग जीएसटीचा मेळ सोपा होतो. विवरणात पुरवठा 22,00,000, वहीत विक्री 13,09,000, फरक 8,91,000. हा फरक म्हणजे शिल्लक 80 आणि घटीचा 1, अशा 81 क्विंटलचे 11,000 ने झालेले पैसे. एवढं एक कोष्टक फाइलला लावून ठेवलं तर विचारणा आल्यावर धावपळ होत नाही. वार्षिक जुळवणीच्या GSTR-9C मध्ये पहिल्या अनुसूचीतल्या अशा मानीव पुरवठ्यासाठी स्वतंत्र ओळ दिलेलीच आहे.

50 किलोच्या कट्ट्यातल्या डाळीवर कर नाही, त्यामुळे आपल्या उदाहरणात बिल ऑफ सप्लाय पुरलं. तीच डाळ 25 किलोपर्यंतच्या, नाव छापलेल्या बंद पाकिटात पाठवत असाल तर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के कर आहे, आणि तो माल विकायच्या आधीच भरावा लागतो. इथे जीएसटीचा नियम 29 उपयोगी पडतो. किंमत एक तर खुल्या बाजारातली धरायची, किंवा एजंट तसाच माल परक्या गिऱ्हाइकाला ज्या भावाने देतो त्याच्या 90 टक्के. नियमात दिलेलं उदाहरण भुईमुगाचंच आहे: एजंटाचा भाव क्विंटलला 5,000 असेल तर 4,500 वर कर काढता येतो. भरलेला कर एजंट आपल्याला देतो आणि त्याचं क्रेडिट घेतो, तेव्हा ती रक्कम एजंटाच्या खऱ्या खात्यात लगेच नावे पडली पाहिजे; माल न विकल्याचं कारण तिला लागू नाही.

कमिशनवरच्या कराचं राहिलं होतं. शेतमालाच्या आडतीला जीएसटी माफ आहे म्हणून डाळीच्या कमिशनलाही माफ, असं बरेच जण धरून चालतात. भरडलेली डाळ त्या व्याख्येतला शेतमाल नाही, त्यामुळे एजंट नोंदणीकृत असेल तर तो कमिशनवर कर लावतो. कट्ट्यातल्या डाळीवर आपण कर भरत नाही, म्हणून त्याचं क्रेडिटही मिळत नाही. तो कर सरळ विक्री खर्चात जातो आणि नफा तेवढा कमी होतो.

भाव पडला असेल तर

वर काढलेले 10,250 ही किमतीची वरची मर्यादा आहे. 31 मार्चच्या सुमाराला डाळीचा भाव उतरून 10,000 वर आला असेल, तर विकून हातात काय येईल ते बघायचं. 10,000 मधून दोन टक्के कमिशन गेलं की 9,800. हे 10,250 पेक्षा कमी, म्हणून साठा 9,800 नेच धरायचा. 80 क्विंटलचे 7,84,000, म्हणजे 36,000 चा तोटा याच वर्षात. एप्रिलमध्ये भाव पडला आणि 31 मार्चला तो चांगला होता, तर नियम थोडा नाजूक होतो: एप्रिलच्या भावावरून मार्चअखेरची स्थितीच खराब होती असं दिसत असेल तर तो धरायचा, एप्रिलमधल्याच एखाद्या नव्या कारणाने पडला असेल तर नाही.

बँक आणि विमा

कॅश क्रेडिट असलेल्या मिलमध्ये हाच बिघाड बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये दुहेरी होऊन बसतो. मोजणारा माणूस एजंटाकडचे 160 कट्टे साठ्यात लिहितो आणि मुनीम त्याच कट्ट्यांचं बिल येण्यात लिहितो. उचलण्याची मर्यादा खोटी वाढते, आणि तपासणीत सापडलं की बँक कापायची तेवढी कापतेच, वर पुढचं प्रत्येक स्टेटमेंट संशयाने बघते. माल एकाच जागी दाखवा, साठ्यात, आणि दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालावर बँक किती कर्ज धरते हे मंजुरीपत्रात वाचा. आणि आपल्या आगीच्या पॉलिसीत पुण्याच्या गोडाऊनचा पत्ता आहे का तेही बघा. एजंटाची पॉलिसी एजंटाच्या मालाची असते. त्यात 'इतरांचा ताब्यातला माल' असं वेगळं लिहिलेलं नसेल तर आपल्या कट्ट्यांना तिचा आधार नाही.

मागच्या वर्षीचा हिशेब बंद झालाय, आता काय

मागचं वर्ष चुकीच्या नफ्याने बंद झालं असेल तर नव्या वर्षात एक जमाखर्ची नोंद करून खातं सरळ करता येतं. एजंटाचं खातं 9,24,180 ने जमा करा, म्हणजे 12,00,000 चे 2,75,820 राहतील. समोर कन्साइनमेंट साठा 8,20,000 नावे, आणि मागच्या वर्षाचा जादा नफा 1,04,180 नावे. हे शेवटचे 1,04,180 चालू वर्षाच्या खर्चात मिसळू नका, मागच्या काळाची बाब म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर या वर्षीचा नफा दुसऱ्या दिशेने चुकतो. मागच्या वर्षी या नफ्यावर आयकर भरलेला असेल आणि सुधारित विवरणाची मुदत शिल्लक असेल, तर आधी सीएशी बोलून ते भरा आणि मगच ही नोंद करा.

नोंद झाली की राहिलेल्या 160 कट्ट्यांची मे महिन्यातली पट्टी याच साठ्याच्या खात्यावर घ्या. डाळ 11,000 च्या वर गेली असो की खाली, नफा-तोटा त्या विक्रीच्या महिन्यातच पडेल.